मनगटावर बोटं ठेवून बघा: गुणगुणणं, जप आणि ओवीने छातीतली धडधड कशी उतरते

बसल्या जागी एक करून बघा. उजव्या हाताची मधली दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवा. नाडी लागली की नाकाने सावकाश श्वास घ्या आणि ओठ मिटून ‘म्म्म’ असा बारीक आवाज काढत तो हळूहळू सोडा. असं चार-पाच वेळा करा. श्वास आत जाताना ठोके जरा लवकर पडतात आणि आवाज चालू असताना दोन ठोक्यांतलं अंतर वाढतं. तरुण माणसाला हा फरक चटकन कळतो, वय झालेल्याला थोडं लक्ष द्यावं लागतं.

हा फरक म्हणजे तुमची व्हेगस नस काम करताना तुमच्याच बोटांखाली सापडली आहे. या लेखात सगळं सांगणार आहे ते याच एका गोष्टीबद्दल: श्वास सोडण्याचा वेळ आवाजाच्या मदतीने कसा लांबवायचा आणि रात्री पाठ टेकल्यावर जी धडधड होते, जीव घाबरा होतो, त्यासाठी त्याचा वापर कसा करायचा. मी परभणीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे गुडघ्यासाठी, कंबरेसाठी आलेल्या बाया बोलता बोलता हळूच म्हणतात, “ताई, रात्री झोपच येईना, छातीत धडधड व्हायलंय.” त्यांना मी जे शिकवते तेच इथे क्रमाने लिहिते.

नस काय करते

व्हेगस ही मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांमधली दहावी जोडी. मेंदूच्या अगदी खालच्या भागातून निघून ती मानेतून दोन्ही बाजूंनी उतरते आणि घसा, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी अशी लांबवर जाते. तिच्यातले बहुतेक तंतू पोटातली आणि छातीतली खबर मेंदूकडे नेतात. उरलेले मेंदूचा हुकूम खाली आणतात, आणि त्यातलाच एक हुकूम हृदयाला असतो: सावकाश चाल.

हृदयाचा ठोका जिथे तयार होतो त्या गाठीला एकटं सोडलं तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देते. निवांत बसलेल्या माणसाची नाडी ७०-७५ असते, कारण व्हेगस नस तिला सतत आवरून धरते. गाडीवान जसा बैलांचा कासरा हातात धरून असतो, तसंच हे. श्वास आत घेताना हा कासरा थोडा सैल सुटतो, श्वास सोडताना पुन्हा ओढला जातो. निरोगी माणसात हे दिवसभर, प्रत्येक श्वासाला चालू असतं.

आता हिशोब सोपा आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला वीस-बावीस वेळा उथळ श्वास घेतो. त्यात सोडण्याला जेमतेम दीड सेकंद मिळतो आणि कासरा धरला न धरला तोच सुटतो. तोच माणूस चार सेकंदात श्वास घेऊन सहा सेकंदात सोडू लागला, तर मिनिटाला सहाच श्वास होतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ सोडण्यात जातो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की आणखी एक गोष्ट जुळून येते. रक्तदाब वर-खाली होतो तेव्हा त्याला सावरणारी शरीराची यंत्रणा साधारण दहा सेकंदांच्या लयीत चालते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी एकमेकींना जोर देतात. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच दाखवलं. त्यांनी निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा कुणी न मोजता श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी ती यंत्रणा जास्त तत्पर झाली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण एका श्वासात मावणारी ओळ सारख्याच लांबीची.

म्हणून कुणी विठ्ठलाचं नाव घ्या, कुणी बुद्धवंदना म्हणा, कुणी जिक्र करा, कुणाला काहीच म्हणायचं नसेल तर नुसतं गुणगुणा. या नसेचं काम ओळीच्या लांबीवर चालतं. श्रद्धेने मनाला जो आधार मिळतो तो त्याशिवायचा, आणि तो मोठाच आहे.

आवाज कशाला, नुसता श्वास का नाही

नुसता श्वास लांब सोडूनही हे साधतं. पण घाबरलेल्या माणसाला “चार मोजा, सहा मोजा” म्हटलं की तो मोजण्याच्याच घोरात पडतो. आवाज काढताना गळ्यातल्या स्वरपट्ट्या जवळ येतात, हवेला जायला वाट अरुंद होते आणि श्वास आपोआप सावकाश सुटतो. सोडण्याचा वेळ कानाला ऐकू येतो, आवाज थरथरला किंवा तुटला की लगेच कळतं. ही सोय मुक्या श्वासात नाही.

व्हिडिओंमधून अलीकडे असं सांगतात की गुणगुणण्याची कंपनं गळ्यातून थेट व्हेगस नसेला हलवून जागं करतात. स्वरयंत्राला हलवणारी नस व्हेगसचीच शाखा आहे, एवढं खरं. पण बाहेरच्या कंपनाने मुख्य नस चेतवली जाते आणि त्यामुळेच हृदय शांत होतं, हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. भक्कम पुरावा आहे तो लांब सोडलेल्या श्वासाचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण कंपनाच्या मागे लागलेली माणसं जोरजोरात घुमवतात, घसा बसवून घेतात आणि श्वास मात्र आखूडच ठेवतात. छातीवर हात ठेवल्यावर जी थरथर जाणवते ती सुखावणारी असते, तिच्याकडे लक्ष लावून बसायला हरकत नाही. पण काम झालं की नाही, हे श्वासावरून ठरवायचं.

सुरू करण्याआधीची दोन मोजमापं

पहिलं, श्वास. पाच मिनिटं शांत बसा. मग घरातल्या कुणालातरी तुमच्याकडे न बघितल्यासारखं करून एक मिनिट तुमच्या पोटाची हालचाल मोजायला सांगा. आपणच आपला श्वास मोजायला गेलो की तो बदलतो, म्हणून दुसऱ्याने मोजलेला बरा. मोठ्या माणसाचा बसल्या जागी बारा ते वीस येतो.

दुसरं, नाडी. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तर एका ठोक्याची चूक चारची होते.

ही मोजणी फसते ती वेळ चुकल्याने. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात ऊन चाळिशीच्या वर जातं. रानातून किंवा बाजारातून घरी आल्याबरोबर नाडी नव्वद-शंभर लागली तर ती उन्हाची आणि अंगातलं पाणी कमी झाल्याची असते. पाणी पिऊन, सावलीत अर्धा तास बसून मग मोजा. चहा, तंबाखू, मिसरी यांनीही नाडी वाढते. मिसरी लावण्याची गोष्ट बाया सांगत नाहीत, ती काही खाण्याची वस्तू नाही असंच त्यांना वाटतं. पण ती तंबाखूच आहे, आणि हिरडीतून निकोटिन काही मिनिटांत रक्तात उतरतं. झोपायच्या आधी मिसरी लावून मग धडधडीसाठी उपाय शोधणं म्हणजे एका हाताने कासरा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने बैलाला हाकायचं.

आकडे एका वहीत लिहून ठेवा. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे.

पहिली पायरी: ओठ मिटून गुणगुणणं

पहिला आठवडा एवढंच करायचं. जेवण झाल्यावर निदान तासभर जाऊ द्या, भरल्या पोटाने छाती-पोटामधला पडदा नीट खाली उतरत नाही. भिंतीला पाठ टेकून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकलेले. आडवं पडूनही चालेल, पण सुरुवातीला बसून केलेलं बरं, कारण पोटाची हालचाल कळते. एक हात बेंबीवर ठेवा.

ओठ मिटा, पण दात एकमेकांना लावू नका. वरच्या-खालच्या दातांत बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी फट राहू द्या. जीभ खाली सैल. नाकाने श्वास घ्या, नेहमीपेक्षा किंचित जास्त, छाती फुगेल इतका नाही. बेंबीवरचा हात हळूच पुढे यावा. मग ‘म्म्म’ सुरू करा. आवाज तुमच्या बोलण्याच्या पट्टीतला किंवा त्याहून थोडा खालचा ठेवा, आणि इतका बारीक, की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. मोठ्या आवाजाला हवा जास्त लागते, म्हणून मोठा आवाज लवकर संपतो.

किती वेळ लांबवायचं, याला माझं एक माप आहे. आवाज संपल्यावर पुढचा श्वास नाकाने, गपचूप, घाई न होता आत आला पाहिजे. तोंड उघडून हवा ओढावी लागली, खांदे वर उचलले गेले, किंवा आवाजाच्या शेवटी पोट आत दाबावं लागलं, तर ओळ तुमच्या श्वासापेक्षा लांब झाली. दोन सेकंद कमी करा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा सोडण्याचा श्वास चार-पाच सेकंदांवर संपतो आणि ते ठीक आहे. तीन सेकंद घेणं आणि पाच सेकंद सोडणं, म्हणजे मिनिटाला सात-आठ श्वास. वीसवरून इथवर आलात तरी नस तिचं काम करू लागते. सहाचा आकडा गाठायचाच, असा हट्ट धरू नका. प्रत्येकाची लय थोडी वेगळी असते, कुणाची साडेचारला जुळते, कुणाची साडेसहाला.

पाच मिनिटं करा. मग दोन मिनिटं गप्प बसा आणि श्वासाला त्याच्या चालीने चालू द्या. हे गप्प बसणं पुष्कळजण गाळतात. एकदम उठलं की नाडी उठण्यामुळेच वाढते आणि काही फरक पडला नाही असं वाटतं.

दुसरी पायरी: जप, माळेच्या हिशोबाने

गुणगुणणं अंगवळणी पडलं की शब्द आणा. ‘राम कृष्ण हरी’ हे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडात असलेलं नाव घेऊ. तीन शब्द, प्रत्येकाला साधारण दोन सेकंद. ‘राऽऽम कृऽऽष्ण हरीऽऽ’ असं एका सलग श्वासात, ‘म’ आणि शेवटची ‘री’ थोडी रेंगाळत. मग तोंड मिटून नाकाने श्वास, आणि एक मणी पुढे.

माळेत १०८ मणी असतात. एक मणी एक श्वास, एक श्वास दहा सेकंद, म्हणजे पूर्ण माळ अठरा मिनिटांत आणि अर्धी नऊ मिनिटांत होते. रात्रीसाठी अर्धी माळ पुरते. घड्याळ बघायला नको, मोबाइल जवळ घ्यायला नको. तुमची अर्धी माळ चार मिनिटांत संपत असेल तर श्वास आखूड आहे, हे माळच सांगते.

इथे एक अडचण हमखास येते. ज्यांना वर्षानुवर्षं जपाची सवय आहे, त्यांची जीभ फार वेगाने चालते. एका श्वासात पाच-सहा नावं, मध्येच कुठेतरी उसासा, पुन्हा पाच-सहा. त्यांना हळू म्हणायला सांगितलं तर चुकल्यासारखं वाटतं, नियम मोडल्यासारखं वाटतं. त्यांनी नेहमीचा जप नेहमीसारखाच सकाळी करावा. रात्रीचा हा वेगळा. किंवा वेग तोच ठेवून एवढंच पाळावं की नावं एका सलग श्वासात म्हणायची, श्वास संपत आला की थांबायचं, तोंड मिटून नाकाने पूर्ण श्वास घ्यायचा आणि मगच पुढची नावं. नावं किती झाली ते न मोजता श्वास किती झाले ते मोजायचं.

‘ओम’ म्हणणाऱ्यांसाठी: ‘ओ’ थोडा आणि ‘म’ लांब ठेवा. उघड्या तोंडाने हवा भराभर जाते, मिटल्या ओठांनी सावकाश. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत ओमचा उच्चार चालू असताना मेंदूचं चित्रण करण्यात आलं. त्याच लांबीचा ‘स्स्स’ आवाज काढताना जे दिसलं नाही ते ओमच्या वेळी दिसलं: भीती आणि भावनांशी जोडलेल्या भागांचं काम मंदावलं. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. अभ्यास अगदी मोजक्या माणसांवरचा होता, म्हणून त्यावर फार मोठा इमला उभा करू नये.

तिसरी पायरी: ओवी

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. जात्यावर गायच्या ओव्या ज्या बायांच्या कानावर पडल्या आहेत त्यांना लांब श्वास शिकवावा लागत नाही, आठवून द्यावा लागतो. दळण गिरणीत गेलं आणि ओवी गळ्यातच राहिली. साठीच्या पुढच्या बाईला म्हणा, “मावशी, तुमच्या आईची एखादी ओवी म्हणा,” आणि बघा. ती दोन-तीनच सुरांत फिरते, पट्टी खालची असते, आणि ओळीच्या शेवटचं अक्षर ती लांबवत नेते. दळताना खुंट्याला धरून जातं ओढायचं आणि त्याच लयीत ओळ म्हणायची, म्हणून ओळीला घाई नव्हती. दोन ओळींच्या मध्ये आणखी वैरण घालायची, तेवढ्यात श्वास व्हायचा.

नमुन्यासाठी मी जुळवलेली एक ओळ घ्या:

माझ्या गं दारात लिंबाची सावलीऽऽऽ
दुपारी टेकली माझी माउलीऽऽऽ

पहिली ओळ सावकाश म्हटली तर साडेचार-पाच सेकंद, ‘सावली’ची ‘ली’ लांबवली की सहा-सात. तिथे थांबायचं. तोंड मिटून नाकाने श्वास. मग दुसरी ओळ. दोन्ही ओळी एका दमात म्हणायच्या नाहीत. आपली स्वतःची ओवी निवडताना फोनचं घड्याळ लावून एकदा ओळ मोजून घ्या. पाच ते आठ सेकंदांत बसली तर ती ओवी कामाची. त्याहून मोठी असेल तर मध्ये जिथे अर्थ तुटतो तिथे श्वास घ्या, शब्दाच्या मध्यात घेऊ नका.

अभंग, अंगाईही चालते. अंगाई तर यासाठीच घडलेली आहे, आणि मूल झोपतं तसा म्हणणाराही निवतो. पण गजर चालत नाही. टाळ-मृदंगाची लय चढते, पाय उचलले जातात, आवाज वरच्या पट्टीत जातो, तेव्हा नाडी वाढते आणि वाढायलाच हवी. तो आनंद वेगळा आहे, झोपायच्या आधीचा नाही. भजन संपल्यावर शेवटी जे संथ, खालच्या आवाजातलं म्हणणं होतं, त्याची चाल आपल्याला हवी. भजनात पुढचा एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती झेलतात, ही पद्धत श्वासाला फार सोयीची आहे: एक गट म्हणतो तेव्हा दुसऱ्याला आपोआप श्वास मिळतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात २०१३ साली असं आढळलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती गाण्याच्या ओळीबरोबर एकसाथ वर-खाली होते, कारण सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि सोडतात. घरात दोघी असतील तर ओवी आलटून पालटून म्हणा.

एका मावशीचं उदाहरण

परभणीजवळच्या खेड्यातल्या एक मावशी, अठ्ठावन्न वर्षांच्या. सोयाबीनचा भाव पडलेला, मुलगा पुण्याला, घरात त्या आणि नवरा. रात्री नऊला आडव्या पडायच्या आणि बारापर्यंत डोळा लागायचा नाही. “पाठ टेकली की काळीज उडायलंय बघा ताई. उठून बसलं की जरा बरं वाटतंय.” माझ्याकडे त्या खांदा आखडला म्हणून आल्या होत्या. आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून झालं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते, आणि तिथे ओवीचा उपयोग नाही. तिन्ही ठीक निघालं.

संध्याकाळी बसल्या जागी श्वास मिनिटाला २०, नाडी ९२. पहिल्या दिवशी त्यांचं ‘म्म्म’ चार सेकंदांवर तुटलं, आणि पुढचा श्वास त्यांनी तोंडाने घेतला. आवाज मोठा होता, मान ताठ. मी एवढंच म्हटलं, “मावशी, नातू झोपलाय असं समजून म्हणा.” आवाज निम्मा झाला आणि पुढचा श्वास सहा सेकंद गेला. दुसरं काही शिकवलंच नाही त्या दिवशी.

आठवडाभराने त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, “बोटाला मुंग्या यायल्यात आन् गरगरायलंय.” बघितलं तर श्वास सोडणं छान लांबलं होतं, पण प्रत्येक वेळी त्या छाती भरून मोठा श्वास घेत होत्या. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर गेली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास हळू असूनही हे होतं, आणि घाबरा माणूस त्याने आणखी घाबरतो. त्यांना सांगितलं, श्वास फुलाचा वास घेण्याइतकाच घ्यायचा, आणि आवाज संपल्यावर एक क्षण थांबून मग. मुंग्या त्याच बैठकीत थांबल्या.

ओवीवर आल्या तेव्हा त्या दोन ओळी एका दमात म्हणत होत्या, कारण आईकडून ऐकलेली चाल तशीच होती. चाल मोडायला त्या तयार नव्हत्या. मग पहिली ओळ मनात आणि दुसरी ओठांनी, असा तोडगा काढला. मनातल्या ओळीच्या वेळी नाकाने श्वास, बोललेल्या ओळीच्या वेळी सोडणं. मिसरी सात वाजता शेवटची, हे त्यांनी दोन आठवडे कुरकुरत ऐकलं.

महिन्याने संध्याकाळची नाडी सुरुवातीला ८४ आणि दहा मिनिटांच्या ओवीनंतर ७८ होती. सहा ठोक्यांचा फरक कागदावर थोडा दिसतो. त्यांच्या लेखी फरक असा होता की ओवी म्हणता म्हणता शब्द विसरायला लागतात आणि सकाळ होते. यातलं किती ओवीचं, किती मिसरी कमी झाल्याचं, किती कुणाशीतरी मन मोकळं केल्याचं, हे वेगळं काढता येत नाही. सोयाबीनचा भाव मात्र तेवढाच होता.

नाडी हलत नसेल तर

काहींच्या बोटांखाली श्वासाबरोबरचा फरक लागतच नाही. वय वाढलं की तो कमी होतो. पुष्कळ वर्षांचा मधुमेह असेल तर या नसेच्या तंतूंनाच इजा झालेली असू शकते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी आधीच बांधलेली असते, म्हणून सराव करूनही आकडा फारसा उतरत नाही. अशांनी नाडीच्या मागे लागू नये. श्वास सावकाश झाला का, खांदे खाली आले का, एवढं बघावं. आकडे चांगले आले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर रक्तदाब बघून ठरवतील.

काही थोड्या माणसांना श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड उलट वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, हात पोटावरून काढावा आणि हातात काम घेऊन म्हणावं. तांदूळ निवडताना, भाजी मोडताना, वाती वळताना ओवी चालू द्या. जात्याच्या ओवीचंही तसंच होतं, तिथे श्वासाकडे कुणी बघत नव्हतं.

सर्दीने नाक चोंदलं असेल, कान दुखत असेल तर ओठ मिटून गुणगुणल्याने दडपण वाढून दुखतं. तेवढे दिवस उघड्या तोंडाने, बारीक आवाजात ओवी म्हणा. दम्याचा अटॅक आला असेल तेव्हा आधी पंप, गुणगुणणं नंतर. गरोदर बाईने करायला हरकत नाही, फक्त श्वास रोखून धरायचा नाही. मानेच्या शिरा दाबून नस चेतवायचे प्रकार कुणी दाखवले तर ते अजिबात करू नका, वय झालेल्या माणसाला त्यात चक्कर येऊन पडण्याचा आणि लकव्याचा धोका असतो.

श्वासाबरोबर ठोके मागे-पुढे होणं चांगलं. पण श्वास शांत असतानाही ठोके कसेही, काही लय न धरता पडत असतील, तर लवकर ईसीजी करून घ्या. बसल्या जागी नाडी १२० च्या वर टिकून राहिली, छातीत दाटून आलं, हातात किंवा जबड्यात कळ आली, दम लागला, दरदरून घाम फुटला किंवा शुद्ध गेली, तर ओवीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

मध्यरात्री जाग आली तर

नेहमीच्या अर्ध्या माळेचा सराव महिनाभर झाला असेल तर रात्री तीनला दचकून जाग आल्यावर थोडक्यात करता येतं. उठून बसायची गरज नाही. कुशीवर वळा, दात सैल सोडा. घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज जवळपास नाहीच, गळ्यात नुसता गुंजल्यासारखा. सहा-सात वेळा ‘म्म्म’, प्रत्येक वेळी पुढचा श्वास नाकाने, लहान. मग एखादी ओवी मनातल्या मनात, पण श्वास तिच्या ओळीबरोबरच सोडायचा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर पडून राहू नका. उठून पाणी प्या, अंधारातच दाराशी किंवा गच्चीवर जरा बसा, मोबाइल बघू नका, आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हा.